आयईएलटीएस स्पीकिंगचा ग्रुप: ‘मस्त’च्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न: आम्ही पाच मित्रमैत्रिणी आयईएलटीएस देणार आहोत. स्पीकिंगची उत्तरं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतो, पण सगळे ‘मस्त’ लिहून मोकळे होतात. नीट तपासायचं कसं? चेकलिस्टमध्ये काय असावं?

उत्तर: सुरुवात फक्त पार्ट टूने करा. कार्ड हातात आल्यावर १ मिनिट तयारी आणि मग १ ते २ मिनिटं सलग बोलणं, एवढाच तो भाग असल्यामुळे एकट्याने रेकॉर्ड करता येतो. पार्ट वन आणि थ्रीला समोर प्रश्न विचारणारं माणूस लागतं, ते भेटीसाठी ठेवा.

रेकॉर्डिंग एका दमात झालं पाहिजे. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येते, आणि नेमका तिथेच घोळ होतो. अडलेला माणूस थांबवतो, विचार करतो, पुढे बोलतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय सफाईने बोलला! म्हणून फोनच्या साध्या रेकॉर्डरवर तयारीच्या मिनिटासकट सगळं एकाच फाइलमध्ये घ्या. ऐकणाऱ्यानेही वेग 1x वरच ठेवायचा. दीडपट वेगाने ऐकलं की अडखळणं निम्मं लपतं.

प्रत्येक फाइल दोघांनीच तपासायची, आणि कोणी कोणाची ते आधी ठरवायचं. पाचही जणांवर सोपवली की कोणीच मनापासून ऐकत नाही. शेरे ग्रुपवर न टाकता थेट बोलणाऱ्याला पाठवा, नाहीतर दुसरा पहिल्याचंच वाचून ‘हो, मलाही तेच वाटलं’ लिहितो.

आता चेकलिस्ट. परीक्षक चार गोष्टींना सारखे गुण देतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. बहुतेक ग्रुप हेच चार मथळे घेऊन ‘६’, ‘६.५’ असे बँड वाटत बसतात. ते करू नका. बँड ठरवायला परीक्षकांना प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपण फक्त मोजू शकतो. म्हणून चेकलिस्टमधल्या प्रत्येक ओळीचं उत्तर आकडा, वेळ किंवा जसंच्या तसं वाक्य असावं.

पहिल्यांदा न थांबवता ऐका आणि काय कळलं ते दोन ओळींत लिहा. दुसऱ्यांदा कागद घेऊन ऐका: एकूण किती वेळ बोलला, ३ सेकंदांहून मोठी थांबणी कुठे आली आणि ती वाक्य संपल्यावर की वाक्याच्या मधोमध, कोणता शब्द तीनहून जास्त वेळा आला, क्रियापदाचा काळ कुठे घसरला, कार्डावरचा कोणता मुद्दा राहिला. बस, पाच ओळी. जास्त ठेवल्या तर दुसऱ्या आठवड्यापासून कोणी भरत नाही.

समजा कार्ड ‘आठवणीत राहिलेला प्रवास’ असं आहे आणि तयारीचं मिनिट सोडून मोजलेलं उत्तर १:३४ चं. शेरा असा दिसेल: ‘कळलं ते: पुण्याहून रत्नागिरीला बसने गेलात, वाटेत बस बंद पडली. प्रवास लक्षात का राहिला ते कळलं नाही. ०:३१ ला “वी रीच्ड द…” म्हणून ५ सेकंद थांबलीस, घाटाला शब्द सुचला नाही. ०:४८ ला “द बस स्टॉप्स अँड वी वेट”, इथे भूतकाळ सुटला. “व्हेरी नाइस” चार वेळा.’ यात न आवडण्यासारखं काही नाही, पण काय दुरुस्त करायचं ते दिसतं. घाटाला नेमका शब्द नसला तरी ‘अ स्टीप रोड थ्रू द हिल्स’ म्हणून पुढे जाता येतं. दुसऱ्या दिवशी तिने तेच कार्ड पुन्हा रेकॉर्ड करायचं, मात्र यातली एकच गोष्ट सुधारायची. ‘का लक्षात राहिला’ ही निवडावी. उत्तर २ मिनिटांपर्यंत आपोआप जाईल.

पहिल्या आठवड्यात आपापलं तपासायच्या आधी एकच फाइल पाचही जणांनी वेगवेगळी तपासा आणि कागद शेजारी ठेवा. एकाला थांबण्या दोन दिसल्या, दुसऱ्याला सात, असं होणारच. ‘अं…’ म्हणत काढलेला वेळ थांबणीत धरायचा का, हे तेव्हाच ठरवा. (माझ्या मते धरावा.)

व्याकरणात खरा धोका वेगळा आहे: बरोबर वाक्य कोणीतरी चुकीचं करून देतं. त्यामुळे सुधारणा सुचवणाऱ्याने व्याकरणाच्या पुस्तकातला नियम दाखवायचा. दाखवता येत नसेल तर समोर फक्त ‘शंका’ लिहायचं. शंकांची यादी आठवड्यातून एकदा एखाद्या शिक्षकाला दाखवा.

उच्चाराची ओळ मी मुद्दाम ठेवली नाही. ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ यांतला फरक बोलणाऱ्याच्या तोंडी नसेल तर मराठी ऐकणाऱ्याच्या कानालाही तो बहुधा खटकत नाही, पाचही जण एकमेकांना पास करतील. मराठी वळणाचे गुण कापले जात नाहीत, बोललेलं कळलं नाही तर जातात. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा एखादी फाइल मराठी न येणाऱ्या ओळखीच्या माणसाला ऐकवा, आणि कोणते शब्द पुन्हा ऐकावे लागले तेवढंच विचारा.