पेटी कॅश, तसलमात आणि उचल: ईआरपीच्या पडद्यावर कोणता शब्द कुठे?

प्रश्न: आमच्या कंपनीच्या ईआरपीचे पडदे मराठीत करायचे काम माझ्याकडे आहे. 'एम्प्लॉई ॲडव्हान्स'ला मी 'उचल' लिहिलं, तर अकाउंट्सवाल्यांनी हरकत घेतली. 'पेटी कॅश' आणि 'सेटलमेंट'वरही एकमत होत नाहीये. महापालिकेच्या कागदांत 'तसलमात' असतं, ते इथे चालेल का?

उत्तर: चालेल, आणि 'उचल'पेक्षा कितीतरी चांगलं चालेल. अकाउंट्सवाल्यांची हरकत रास्त आहे.

'उचल' म्हणजे आपल्याच मजुरीचे किंवा पगाराचे पैसे काम होण्याआधी घेणं. ऊसतोड कामगार हंगामाच्या आधी मुकादमाकडून घेतात ती उचल, आणि ती पुढे तोडणीच्या मजुरीतून फिटते. म्हणजे उचल फेडायची असते, तिचा हिशेब द्यायचा नसतो. पैसे कशावर खर्च केले हे विचारायचा अधिकार कोणाला नाही. 'तसलमात' याच्या उलट. मूळ अरबी 'तस्लीम', म्हणजे सुपूर्द करणं, ताब्यात देणं. तसलमातीचे पैसे कामासाठी हाती दिलेले असतात, मालकी कंपनीचीच राहते आणि पै-पैचा हिशेब पावत्यांसह द्यावा लागतो. पगारावरची आगाऊ रक्कम आणि साइटच्या खर्चासाठी दिलेली रक्कम या दोन्हींना 'उचल' म्हटलं, तर पगार करणारा माणूस दुसरीचीही पगारातून कपात लावायला मोकळा होतो. पावत्या दिल्यावर वर पगारही कापला गेला, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा मुळाशी हीच सरमिसळ असते. म्हणून पगारावरची ती उचल, कामासाठीची ती तसलमात, आणि खतावणीत दोन्हींची खाती वेगळी.

'अग्रिम'ही चुकीचा नाही, सरकारी कागदांत तो रुळलेला आहे. पण सण अग्रिम, घरबांधणी अग्रिम हे फेडायचे अग्रिमही त्यातच येतात, त्यामुळे हवा तो भेद त्यातून दिसत नाही. 'विसार' आणि 'बयाणा' मात्र इथे नकोतच, ते सौदा पक्का करायचे शब्द आहेत.

आता 'सेटलमेंट'. इथे एका शब्दाने भागत नाही, कारण पडद्यावर या नावाखाली दोनतीन निरनिराळ्या गोष्टी घडतात. एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या साइटवर जाणाऱ्या इंजिनिअरला 15,000 रुपये तसलमात मिळाली. ईआरपीनेक्स्टसारख्या प्रणालीत `Employee Advance` मंजूर होऊन दाखल झाल्याने खतावणीत काहीच होत नाही. नोंद पडते ती पैसे दिल्यावर, `Payment Entry` मधून: तसलमात खाते नावे 15,000, बँक खाते जमा 15,000. इंजिनिअर परत येऊन `Expense Claim` भरतो. लॉजचे 4,200, ट्रकभाडं 5,300, मजुरी 1,900, टोल आणि इतर 650, एकूण 12,050. त्यातल्या 350 रुपयांना पावती नाही, म्हणून मंजुरी मिळते 11,700 ला. या अर्जाला जुनी तसलमात जोडली की नोंद होते: खर्चाची खाती नावे 11,700, तसलमात खाते जमा 11,700. त्याच्या नावावर राहतात 3,300.

पण त्याच्या खिशात किती आहेत? 15,000 मधून 12,050 गेले, म्हणजे 2,950. पडदा 3,300 मागतो, खिसा 2,950 दाखवतो, आणि वाद सुरू होतो. इथे मराठी आपल्या मदतीला येते. हातात उरते ती 'शिल्लक', नावावर राहते ती 'बाकी'. आपण बोलताना हा फरक बिनचूक पाळतो. 'माझ्याकडे शिल्लक आहे' म्हणजे हाती आहे, 'त्याच्याकडे बाकी आहे' म्हणजे तो देणं लागतो. तसलमातीच्या पडद्यावरच्या रकान्याला 'शिल्लक' असं भाषांतर दिलं, तर इंजिनिअर प्रामाणिकपणे 2,950 परत करेल आणि 350 त्याच्या नावावर वर्षानुवर्षं लोंबकळत राहतील. तिथे 'येणे बाकी' हवं. नामंजूर झालेले 350 त्याने स्वतःच्या खिशातून भरायचे आहेत, हे तो शब्द आपसूक सांगतो.

म्हणून 'सेटलमेंट'चे टप्पे वेगळ्या नावांनी दाखवा. पावत्या देऊन मंजूर खर्च तसलमातीतून वळता करणं हे 'समायोजन'. उरलेले 3,300 परत आले (रोकड किंवा बँक खाते नावे, तसलमात खाते जमा) तो 'परतावा'. मंजूर खर्च 15,000 च्या वर गेला, समजा 16,400 झाला, तर समायोजन 15,000 चंच होतं आणि वरचे 1,400 कंपनी त्याला देणं लागते. या 1,400 साठी 'प्रतिपूर्ती' हा शब्द राखून ठेवा. वैद्यकीय प्रतिपूर्तीमुळे तो सगळ्यांना माहीत आहे आणि अर्थही तोच आहे: पदरचे आधी खर्चले, नंतर मिळाले. या सगळ्यानंतर बाकी शून्य झाली की 'हिशेब मिटला'. बोलण्यातला हा शब्दप्रयोग अंतिम स्थितीसाठी नेमका आहे, त्याच्या जागी 'निपटारा' आणायची गरज नाही.

या स्थिती ज्या शब्दांत दिसतात, त्यांचं भाषांतर सर्वाधिक बिघडतं. `Claimed` ला 'दावा केला' लिहिलेलं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं की कर्मचाऱ्याने मागणी केली आहे आणि निर्णय व्हायचा आहे. प्रत्यक्षात तिथे समायोजन पूर्ण झालेलं असतं. म्हणून `Unpaid` ला 'अदा व्हायची', `Paid` ला 'अदा', `Claimed` ला 'समायोजित', `Returned` ला 'परत आली' असं लिहावं. क्रियापदं स्त्रीलिंगी, कारण ती तसलमात. भाषांतर भरताना `Advance` हा एकटा शब्द घेऊ नका. ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम हे कंपनीचं देणं असतं आणि कर्मचाऱ्याला दिलेली हे येणं. `Employee Advance` हे पूर्ण नाव घेऊन त्याला 'तसलमात' द्या.

मंजुरीच्या पायऱ्यांतही हीच काळजी हवी. आपल्या कार्यालयांत 'शिफारस' आणि 'मंजुरी' हा भेद पक्का आहे, तो तसाच वापरा. विभागप्रमुख गरज आहे का ते पाहून शिफारस करतो, ज्याला खर्चाचा अधिकार आहे तो मंजुरी देतो, रोखपाल अदा करतो. तिघांच्याही बटणावर 'मान्य' लिहिलं, तर विभागप्रमुखाला वाटतं पैसे सुटले आणि रोखपालाला वाटतं रक्कम तपासायचं काम आपलं आहे. मर्यादा याच पायऱ्यांवर बसते. समजा 10,000 पर्यंत विभागप्रमुखाचीच मंजुरी पुरेशी आहे आणि त्यावर वित्तप्रमुखाची लागते. तर वर्कफ्लोमध्ये वित्तप्रमुखाकडे नेणाऱ्या वळणावर ही अट लागेल:

```
doc.advance_amount > 10000
```

विभागप्रमुखाच्या थेट मंजुरीच्या वळणावर उलटी अट, म्हणजे `<= 10000`, लावायला विसरू नका. नाहीतर मोठ्या रकमेलाही दोन्ही बटणं दिसतात आणि सोपं तेच दाबलं जातं. दुसरी पळवाट म्हणजे 9,500 च्या दोन तसलमाती. वरची अट एकेका अर्जाकडेच बघते, त्यामुळे तिला हे कळत नाही. अर्जात कर्मचाऱ्याच्या नावावरची न मिटलेली रक्कम दाखवणारा रकाना ठेवा आणि त्याला 'आधीची बाकी' असं ठळक नाव द्या, म्हणजे मंजुरी देणाऱ्याची नजर तिथे जाईल. आधीचा हिशेब आल्याशिवाय नवी तसलमात नाही, हा नियम त्या एका रकान्यावर उभा राहतो.

राहिली 'पेटी कॅश'. इंग्रजीतला 'पेटी' म्हणजे किरकोळ, पण मराठी कानाला रोकड ठेवायची पेटीच ऐकू येते आणि योगायोगाने ती खरीही असते. 'किरकोळ रोकड' हा शब्द स्वच्छ आहे, तोच घ्या. इथे मात्र 'शिल्लक' हाच शब्द बरोबर, कारण ती मोजता येते. समजा पेटीची ठरलेली रक्कम 20,000 आहे, एका पावतीची मर्यादा 2,000, आणि शिल्लक 6,000 च्या खाली गेली की पुन्हा भरायची. पेटीत 14,380 च्या पावत्या आणि 5,620 रोख असेल तर बेरीज 20,000 येते, आणि ती कधीही मोजली तरी तेवढीच यायला हवी. भरायचे असतात नेमके 14,380. सोय म्हणून 15,000 भरले, तर पेटी 20,620 ची होते आणि पुढच्या वेळी फरक कुठून आला ते कोणाला सांगता येत नाही.

या भरण्याला 'भरपाई' किंवा 'प्रतिपूर्ती' म्हणू नका. दोन्ही शब्द खर्चाचा वास देतात, आणि मग नोंद करणारा ती रक्कम खर्चाच्या खात्यात टाकतो. ईआरपीत प्रत्येक पावती ज्या त्या दिवशी खर्ची पडलेली असते, त्यामुळे तोच खर्च दुसऱ्यांदा लागतो. साधा 'पेटीत भरणा' लिहा. नोंद फक्त किरकोळ रोकड नावे आणि बँक जमा, म्हणजे `Payment Entry` मध्ये `Internal Transfer`.

आणखी एक शब्द तुमच्या यादीत नाही, पण तो वापरात येईलच: 'चिठ्ठी'. कोणी पेटीतून 2,500 घेऊन जातो आणि मागे चिठ्ठी ठेवतो. रोकड 3,120, पावत्या 14,380, चिठ्ठी 2,500, बेरीज बरोबर 20,000. पेटी जुळते, म्हणून कोणी हलत नाही. पण चिठ्ठी ही पावती नव्हे. ती मंजुरीशिवाय दिलेली तसलमात आहे, आणि पावतीची 2,000 ची मर्यादाही तिने ओलांडलेली आहे. पेटी मोजायच्या तक्त्यात चिठ्ठीसाठी रकाना ठेवलात, तर त्या पद्धतीला कायमची जागा मिळते. रकाना ठेवू नका. मग मोजणीत 2,500 ची तूट दिसेल, आणि ती मिटवायला घेणाऱ्याला त्याच दिवशी तसलमातीचा अर्ज भरावा लागेल.