महसूल, मामुली आणि तहसील: अरबी धातू आणि साचे

प्रश्न: "अरबी शिकायला नुकतीच सुरुवात केलीय. सर म्हणाले सगळे शब्द तीन अक्षरांच्या धातूंपासून ठराविक साच्यात तयार होतात, क-त-ब वरून किताब, कातिब, मकतब वगैरे. ते तीन समजले पण पुढे स्वतः ओळखायला गेलं की काहीच जमत नाही. हे नक्की चालतं कसं? पाठच करायचं का?"

क-त-ब सगळेच शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. त्यापेक्षा तहसील कचेरीत चला, तिथे हे सगळं मराठीतच लिहिलेलं आहे. फारसीतून आलेले कारभाराचे कितीतरी शब्द मुळात अरबी आहेत, त्यामुळे अर्धी तयारी तुमची आधीच झालेली आहे, फक्त माहीत नाही इतकंच.

धातू म्हणजे बहुतेक वेळा तीन व्यंजनं, बस. स्वर त्यात नाहीत. ह-स-ल घ्या, ढोबळ अर्थ हाती येणं, पदरात पडणं. आता नुसतं ह-स-ल तोंडाने म्हणता येत नाही, तो शब्दच नाही, त्यात स्वर भरायला साचा लागतो. साचा ठरवतो स्वर कुठे येणार, कुठला लांब होणार आणि पुढेमागे म, त, इस्त असलं काही चिकटणार का. म्हणजे व्यंजनं विषय सांगतात आणि साचा सांगतो की त्या विषयातला करणारा कोण, केलेलं काय, करणं कसलं. अरबी व्याकरणात साच्याला वजन म्हणतात, हो तेच आपलं किलोवालं, आणि तो दाखवायला नमुना म्हणून फ-अ-ल हा धातू वापरतात (यातला अ सुद्धा व्यंजनच आहे, ते कसं ते पुढे येतंच). सरांनी फळ्यावर फाइल, मफऊल लिहिलं असेल तर ते एवढंच आहे.

आता भरून बघा. पहिल्या अक्षरानंतर लांब आ आणि दुसऱ्यानंतर इ, हा फाइल साचा, म्हणजे करणारा किंवा होणारा. ह-स-ल घातलं की हासिल, जे हाती आलं ते, मराठीत हासील. शब्दाच्या सुरुवातीला म आणि धातूच्या दुसऱ्या अक्षरानंतर लांब ऊ, हा मफऊल, ज्याच्यावर क्रिया झाली ते. मिळालं महसूल, म्हणजे मिळवलेलं, उत्पन्न. (आजच्या अरबीत महसूल म्हणजे शेतातलं पीक, आपल्याकडे त्या पिकावरचा सारा झाला.) सुरुवातीला त आणि शेवटच्या अक्षराआधी लांब ई, हा तफईल. हा जरा वेगळा आहे, हे ज्या क्रियापदाचं नाम आहे त्यात मधलं अक्षर दुप्पट होतं, हस्सल, आणि अर्थ बहुतेक वेळा "करवणं"कडे झुकतो. हाती येणं वरून हाती आणणं, गोळा करणं. तेच तहसील. म्हणजे तहसीलदार महसूल गोळा करतो यातले दोन्ही मुख्य शब्द एकाच धातूचे निघाले.

इथपर्यंत सोपं. आता याच तीन साच्यांत दुसरा धातू घाला, अ-म-ल, काम करणं. नुसतं काम म्हणजे अमल, आपला अंमल, त्यावरून ठाणे अंमलदार. फाइलमध्ये आमिल, काम बघणारा, जुन्या कारभारात हा वसुलीचा अधिकारी असायचा. मफऊलमध्ये मामूल, नेहमी केलं जातं ते, वहिवाट, आणि त्यावरून मामुली. तफईलमध्ये तामील, हुकमाची तामिली करतात ती. शिवाय दोघांत मिळून चालणाऱ्या व्यवहाराचा एक साचा आहे, मुफाअला, त्यात मुआमला झालं, मराठीत मु मधला उ गळाला आणि राहिला मामला, त्यावरून मामलेदार. आणि इस्त लागणारा इस्तिफआल साचा घेतला की इस्तेमाल. म्हणजे मामलेदार आणि तहसीलदार, खुर्ची एकच, धातू दोन. गोव्यात अजून मामलेदारच म्हणतात.

आता तुमचं का जमत नाही ते. हासील-आमील, तहसील-तामील, महसूल-मामूल या जोड्या परत मोठ्याने म्हणून बघा. साचा एकच आहे पण दुसऱ्या शब्दात एक अक्षर कमी वाटतं ना? मामूल मधून साच्याचा म आणि ऊ काढला तर म आणि ल दोनच उरतात, तिसरं गेलं कुठे? ते आहे ऐन, धातूत आपण अ लिहिला ते घशातून येणारं व्यंजन. अरबीत ते क किंवा त सारखंच पक्कं व्यंजन आहे, धातूत त्याची जागा मोजायचीच, पण फारसीत आणि मग आपल्याकडे येताना त्याचा उच्चार गेला आणि मागे फक्त लांब आ राहिला. मअमूल चं मामूल, तअमील चं तामील. म्हणून साच्यात जिथे आखूड अ असायला हवा तिथे आ दिसला की ऐनचा संशय घ्यायचा. मालूम, तालीम (दोन्ही अ-ल-म, जाणणं, अगदी कुस्तीवाली तालीम सुद्धा), तारीफ, सगळीकडे तेच. कधी ऐनऐवजी हमजा, म्हणजे घशात आवाज क्षणभर अडवून येणारं व्यंजन, निघतो, तारीख मध्ये आहे तो, पण युक्ती तीच.

शब्दाच्या शेवटी तर ऐन पत्ताच लागू देत नाही. मुजुमदार घ्या, शिवकाळात ज्याला नंतर अमात्य म्हटलं गेलं तो. दार हा फारसी शेपूट, तो काढा, राहतं मुजुम, मूळचं मजमू. म आणि ऊ साच्याचे, उरले ज आणि म, आणि शेवटी गळालेलं ऐन. धातू ज-म-अ, एकत्र करणं. जमा, जमात, जमाव मधला जमा, हे सगळं तेच घर.

दुसरी भानगड म्हणजे कानावर विसंबणं. महसूल वसूल करतात, दोन्हीत सूल आहे, नवीन माणूस दोघांना एका धातूत टाकून मोकळा होतो. पण वसूल मध्ये व हाच धातूचा पहिला व्यंजन आहे, व-स-ल, पोचणं. तिथे म नाही त्यामुळे तो मफऊल असूच शकत नाही. त्याचा फाइल होतो वासिल, म्हणजे पोचलेला, त्याचं अनेकवचन वासिलात म्हणजे जमा झालेल्या रकमा, आणि आपण ज्याची "वासलात लावतो" ती हीच. उलट बाजूने, सुरुवातीला म दिसला म्हणून तो साच्याचाच असं नाही. मालक मधला म धातूचा आहे, म-ल-क, साचा फाइल, फक्त आपण इ चा अ केला. मुलूख पण तिथलाच.

आणि देवनागरीत पाहून धातू ठरवूच नका. अरबीत आपल्या ज सारखी ऐकू येणारी अक्षरं चार-पाच आहेत, स ची तीन, त आणि ह ची दोन-दोन. नजर आणि नजराणा आपल्याला एकाच घरातले वाटतात, पण पहिल्यात ज़ोय आहे, धातू पाहणं, आणि दुसऱ्यात ज़ाल, धातू नवस किंवा वाहणं. काही संबंध नाही. अरबी लिपीत बघितलं की एका सेकंदात कळतं, म्हणून लिपी आधी पक्की करा, हे साचे नंतर.

पाठ करायचं का, तर थोडं करावंच लागतं. साचा अर्थाची दिशा सांगतो, नेमका अर्थ सांगत नाही, मामूल वरून "केलेलं" एवढं निघेल पण "नेहमीचं, क्षुल्लक" हे वापरातून आलंय. आणि प्रत्येक धातू प्रत्येक साच्यात जात नाही, म्हणून मनाने शब्द पाडू नका, कोशात बघा. शिकणाऱ्यांचे बरेच अरबी कोश धातूप्रमाणे लावलेले असतात, त्यात महसूल म खाली शोधलात तर सापडणार नाही, ह खाली आहे. नवीन शब्द आला की आधी शेपूट काढा, मग साचा ओळखा, उरलेली तीन व्यंजनं मोजा, दोनच भरली तर ऐन, हमजा किंवा व-य पैकी कोणीतरी लपलंय. व-य वाल्या धातूंचं प्रकरण वेगळंच आहे, कायम आणि मुक्काम दोन्ही क-व-म चे आहेत आणि व दोन्हीत दिसत नाही, ते हे साचे हाताला बसले की मग घ्या.