ॲडव्हाइसेस, फर्निचर्स आणि हळदीची पोती

"दादा, ॲडव्हाइस, फर्निचर, इन्फर्मेशनला एस लागत नाही हे पाठ आहे, तरी एरर स्पॉटिंगला नेमका ह्यातच मार्क जातो. परवाच्या टेस्टमध्ये 'नीदर ऑफ द टू ॲडव्हाइसेस ही गेव्ह मी वॉज यूजफुल' ह्याला मी नो एरर मारलं. आणि बँकेच्या कागदावर तर चक्क ॲडव्हाइसेस छापलेलं बघितलंय, मग धरायचं काय?"

तुझं काय झालं सांगतो, कारण माझ्या संध्याकाळच्या बॅचला निम्मी पोरं तिथंच पडतात. नीदर दिसलं की डोक्यात घंटी वाजते, आता पुढं वॉज आहे की वेअर ते बघायचं. वॉज सापडलं, बरोबर निघालं, आणि हात खाली आला. पेपर काढणाऱ्यानं नीदर तुझ्यासाठीच ठेवलं होतं. चूक मधल्या शब्दात, ॲडव्हाइसेसमध्ये. दुरुस्त वाक्य 'नीदर ऑफ द टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस ही गेव्ह मी वॉज यूजफुल' असं होतं. वॉज तसंच राहिलं बघ, कारण ते नीदरचं आहे, सल्ल्याचं नाही.

आता पाठ असून हात का चुकतो, तर वाक्य आपल्या डोक्यात आधी मराठीत तयार होतं म्हणून. माहिती आणि फर्निचर ह्यात मराठी आपल्या बाजूनं आहे, 'माहित्या मिळाल्या' कोण म्हणत नाही, 'फर्निचर आलं' असंच म्हणतात. तिथं एस लागतो तो 'सगळी माहिती'तल्या सगळीमुळं, ऑल द लिहिलं की पुढं काहीतरी अनेक आहे असं वाटतं. पण सल्ल्याचे सल्ले होतात, पुराव्याचे पुरावे, बातमीच्या बातम्या, डोक्यावरचे केस तर कायम अनेकवचनातच आणि पैसे पण 'मिळाले'. म्हणून ॲडव्हाइसेस, एव्हिडन्सेस, 'द मनी वेअर' हे आपल्याकडं जास्त येतं. ह्या पाच शब्दांपाशी मराठी कानावर भरवसा ठेवायचा नाही, माहिती, फर्निचर, सामान इथं ठेवलास तरी चालेल. (न्यूज उलटा आहे, एस असून एकवचनी, 'द न्यूज इज'.)

मला हे डोक्यात बसलं ते साताऱ्याला पहिल्या नोकरीत. नवीन टेबलं, खुर्च्या, कपाटं आली होती आणि मी कव्हरिंग लेटरमध्ये ऐटीत लिहिलं, 'फोर्टीन फर्निचर्स रिसीव्हड'. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी लाल पेननं एस उडवला आणि डेडस्टॉक रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं, म्हणाले, "हा रकाना कशाचा आहे वाच." नग लिहिलं होतं. चौदा नग. इंग्रजीतलं पीस म्हणजे हा नग, 'फोर्टीन पीसेस ऑफ फर्निचर', झालं.

आणि सांगलीत राहून हे अवघड जायला नको खरं तर. मार्केट यार्डात 'आज पाच हळदी आल्या' असं कोणी म्हणेल का? पाच पोती हळद. मोजायचं ते पोतं, हळद आहे तशीच राहते. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर ही हळद आणि पीस हे पोतं, अनेकवचन लावायचं तर पोत्याला. न्यूज, इन्फर्मेशनला आयटम पण चालतं, लगेजला पीस. 'पीसेस ऑफ फर्निचर्स' असं दोन्हीकडं एस लावलेलं वाक्य पण येतं बरं का, तिथं पोरं पीसेस बघून खूश होतात आणि पुढं जातात.

पण तू नुसता एस शोधत बसलास तर आणखी मार्क जातील, कारण बऱ्याच वाक्यात एस नसतोच. नाम एकदम शुद्ध असतं आणि चूक त्याच्या शेजाऱ्यात असते. म्हणून असा शब्द दिसला की पेन्सिलनं गोल करायचा आणि आधी डावीकडं बघायचं: अ, ॲन, मेनी, फ्यू, दीज, 'अ नंबर ऑफ' ह्यातलं काही आहे का. 'ही गेव्ह मी ॲन एक्सलंट ॲडव्हाइस' ह्यात ॲन चूक आहे, पण मध्ये एक्सलंट बसल्यामुळं ॲन एक्सलंट कानाला गोड लागतं आणि निसटतं. 'अ व्हेरी यूजफुल इन्फर्मेशन' तसंच. ॲनच्या जागी सम टाक, नाहीतर 'ॲन एक्सलंट पीस ऑफ ॲडव्हाइस' कर.

मग उजवीकडं, क्रियापदापर्यंत. हे वाक्य घे:

'द फर्निचर इन द न्यू हॉस्टेल रूम्स / वेअर सो ओल्ड / दॅट नोबडी वॉन्टेड टू यूज इट / नो एरर.'

वेअरच्या आधी लगेच रूम्स आहे त्यामुळं कान म्हणतो बरोबर. पण जुनं काय होतं, रूम्स का फर्निचर? 'इन द न्यू हॉस्टेल रूम्स' एवढ्यावर बोट ठेवून झाक, राहतं 'द फर्निचर वेअर', चूक उघडी पडली, दुसरा भाग, वॉज पाहिजे. आणि शेवटचं इट पण बघ, ते इथं बरोबर आहे. काही वाक्यात क्रियापद नीट असतं आणि चूक ह्या सर्वनामात ढकललेली असते, 'ही कलेक्टेड ऑल द इन्फर्मेशन अँड सेंट देम टू द ऑफिस'. देम नाही, इट. वाक्य लांब असलं की शेवटचा भाग न वाचताच नो एरर मारतात, त्यांच्यासाठी असतं ते.

उलटी चूक पण होते. 'टू पीसेस ऑफ फर्निचर वेअर सोल्ड' ह्यात काही चूक नाही, वेअर पीसेसचं आहे. हे सगळं शिकल्यावर महिनाभर पोरं जिथं फर्निचर दिसेल तिथं वॉज करत सुटतात.

आता तुझी बँक. ते छापलेलं चूक नाही. खात्यातून पैसे गेले आले की त्याचं जे सूचनापत्र निघतं, डेबिट ॲडव्हाइस, क्रेडिट ॲडव्हाइस, तो कागद असतो, सल्ला नव्हे, आणि कागद मोजता येतो, म्हणून त्याचं ॲडव्हाइसेस होतं. शब्द तोच, वस्तू वेगळी. हेअरचं पण तसंच, डोक्यावरचे सगळे मिळून 'हिज हेअर इज ग्रे', पण आमटीत एक सापडला तर 'अ हेअर' आणि दोन सापडले तर हेअर्स, आणि खानावळ बदल. डॅमेज म्हणजे नुकसान असेल तर एस नाही, कोर्टानं द्यायला लावलेली भरपाई असेल तर डॅमेजेस. वाक्यात बँक, कोर्ट असलं काही दिसलं तर क्षणभर थांब, कागद आहे का सल्ला एवढं विचार. फर्निचरला मात्र अशी पळवाट नाही, फर्निचर्स दिसलं की डोळे झाकून गोल कर.

परवाचा पेपर असेल तर अजून अशी दोनतीन वाक्यं इथं टाक, नो एरर मारलेली खास करून.