नवरा उलट तक्रार करतो तेव्हा मुद्दा नेमका कुठे निसटतो?

प्रश्न: मी काहीही खटकलेलं सांगितलं की नवरा लगेच माझी एखादी जुनी चूक काढतो. शेवटी मीच खुलासे देत बसते आणि माझं म्हणणं राहूनच जातं. अशा माणसाशी बोलायचं कसं?

उत्तर:
मी रत्नागिरीत नवरा-बायकोच्या समुपदेशनाचं काम करते. तारकर्लीकडे घरगुती निवास चालवणाऱ्या एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. बुकिंगचे फोन तो घेतो, स्वयंपाक तिच्याकडे. एकदा उद्या दुपारी सहाजण जेवायला आहेत हे त्याने तिला रात्री साडेनऊला सांगितलं. ती म्हणाली, "तू मला कधीच वेळेवर सांगत नाहीस." तो म्हणाला, "आणि तू माहेरी गेलीस तेव्हा सिलिंडर संपलाय हे सांगून गेली होतीस?" ती म्हणाली, "अरे, मी फ्रिजवर चिठ्ठी लावली होती!" पुढचा तासभर भांडण चिठ्ठीवर चाललं. सहा माणसांचं जेवण बाजूलाच.

मुद्दा निसटला तो त्याच्या वाक्याने नव्हे, तिच्या चिठ्ठीने. सिलिंडरची तक्रार खोटी नव्हती, म्हणूनच तिला उत्तर द्यावंसं वाटलं. उलट तक्रारीत थोडं तरी तथ्य असतं आणि तिची ताकद तिथेच असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सहकाऱ्यांसोबत १९७७ साली जोडप्यांच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यात त्रासलेली जोडपी तक्रारीला तक्रारीनेच उत्तर देण्याकडे झुकलेली दिसली. बरं चाललेल्या जोडप्यांत एकाने सांगितलेलं दुसरा निदान "हं, कळलं" म्हणून पोचवून घ्यायचा. पटलंच पाहिजे असं नाही, पोचल्याची खूण हवी.

आता ती जागा कशी सांभाळायची. पुढच्या वेळी तिने वाक्य बदललं: "काल साडेनऊला सांगितलंस, तोवर मासळी आणायची वेळ गेली होती. यापुढे बुकिंग पक्कं झालं की लगेच मला मेसेज टाक." 'कधीच' गेलं, एक घटना आणि एक मागणी राहिली. 'कधीच' म्हटलं की समोरचा अपवाद शोधायला मोकळा होतो, आणि तो सापडतोच. तरीही त्याने सिलिंडर काढला. (काढणारच, वर्षांची सवय आहे.) ती म्हणाली, "सिलिंडरचं बोलणं खरंच राहिलंय. रविवारी पाहुणे गेले की त्यावर बसू, लिहून ठेवते. आत्ता मेसेजचं सांग." कॅलेंडरवर त्याच्यासमोर लिहिलं आणि खुलासा एका शब्दाचाही दिला नाही. तिसऱ्यांदा तो दुसरीकडे वळला तेव्हाही हेच वाक्य, त्याच आवाजात. टोमणा आला की हे वाक्य फुकट जातं.

रविवारी मात्र तो विषय तिनेच काढायचा, हे मी बजावलं होतं. बायका इथे चुकतात, आणि पुरुषही: स्वतःचं काम झालं की लिहिलेलं विसरतात. मग "नंतर बोलू" म्हणजे गप्प बसवण्याची युक्ती, हे समोरच्याला कळतं आणि पुढच्या खेपेला तो थांबत नाही. शिवाय या रविवारातून तुम्हाला बरंच समजतं. ठरल्या वेळी त्याच्याकडे बोलायला काहीच नसेल, तर ती तक्रार फक्त ढाल होती. तो भरभरून बोलला, तर दुखणं जुनं आहे आणि ते मांडायला त्याला तुमच्या तक्रारीखेरीज दुसरी वाट मिळत नाही. या घरात दुसरा प्रकार निघाला. ती माहेरी गेली की पाहुणे एकट्याने सांभाळताना त्याची धांदल उडायची आणि ते कबूल करायची त्याला लाज वाटायची. सिलिंडर निमित्त होता.

दोघांपैकी कुणाचीही छाती धडधडत असेल, तर यातलं काही चालत नाही. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की ऐकलेलं नीट आत जात नाही, असं गॉटमन सांगतात. अशा वेळी किमान वीस मिनिटं वेगळं व्हा, पण परत कधी बसायचं ते सांगून. न सांगता उठून अंगणात गेलात तर ती तिसरी तक्रार होते.

एक प्रकार यात मोडत नाही. तुम्ही बोललात की तो घडलेलंच नाकारतो, तुमच्यावर चढतो आणि शेवटी स्वतःच पीडित ठरतो. तुम्ही बोलण्याआधी त्याचा मूड तपासता, पैसे किंवा माहेरचा फोन यावर त्याचा पहारा असतो. तिथे वाक्यरचना सुधारून काही होत नाही आणि कॅलेंडरवर लिहिणं धोक्याचंही ठरू शकतं. तेव्हा त्याला समजावत न बसता आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा भरवशाच्या माणसाशी एकटीने बोला.