मसुदा वाचल्यावर लिहिलेलं पत्र

अनेक आशीर्वाद.

कन्फ्यूशियस मत आणि ताओ मत हे धर्म आहेत का, या तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. पहिली चार पानं तू पाश्चात्त्य विद्वानांच्या धर्माच्या व्याख्यांना दिली आहेस आणि मग प्रत्येक व्याख्या कन्फ्यूशियस मताला आणि ताओ मताला लावून पाहिली आहेस. निष्कर्ष असा की दोन्ही तिच्यात 'पूर्णपणे बसत नाहीत'. हे खोटं नाही, पण असं कुठल्याही परंपरेबद्दल लिहिता येतं. व्याख्या एका परिच्छेदात आटप आणि धर्म कशाला म्हणायचं हा निकष सरकारांनी प्रत्यक्ष वापरला तेव्हा काय झालं, तिकडे वळ.

दोन देश समोरासमोर ठेव. चीनमध्ये सरकारमान्य धर्म पाच: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. कन्फ्यूशियस मत त्यात नाही. कन्फ्यूशियसच्या जन्मगावचं, चुफूचं मंदिर सांस्कृतिक वारसा म्हणून जपलं जातं. इंडोनेशियात नेमकं उलट. तिथे १९६५ च्या अध्यक्षीय आदेशात सहा धर्मांची नावं आली, त्यात कन्फ्यूशियस मत होतं. ताओ मत नव्हतं, आजही नाही. निकष एकच, पाश्चात्त्य मुळाचा, तरी एकीकडे एक आत आणि दुसरा बाहेर, दुसरीकडे त्याच्या उलट. तुझ्या निबंधाचा प्रश्न इथून सुरू व्हायला हवा.

इंडोनेशियावर जास्त वेळ घालव. तिथल्या राज्याचं पहिलं तत्त्व एकमेव ईश्वरावरची श्रद्धा, आणि मान्यता हवी तर ईश्वर, प्रेषित, पवित्र ग्रंथ आणि सामुदायिक उपासना दाखवावी लागे. तिथल्या चिनी वंशाच्या कन्फ्यूशियस-अनुयायांनी हे सगळं दाखवलं. आकाश, म्हणजे 'थिएन', हा एकमेव ईश्वर. कन्फ्यूशियस हा 'नबी'. 'चार ग्रंथ' हे धर्मग्रंथ. आणि 'लिथांग' नावाच्या सभागृहात प्रवचन आणि भजनांसह उपासना. तरी १९६७ मध्ये सुहार्तोंच्या सरकारने चिनी रूढींवर बंधनं आणली, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या मताचं धर्मपण नाकारलं. नव्वदच्या दशकात सुराबायात या पद्धतीने लग्न केलेल्या एका जोडप्याची नोंदणी विवाह कार्यालयाने नाकारली आणि ते न्यायालयात गेले. २००० मध्ये अध्यक्ष वाहिद यांनी १९६७ ची बंधनं उठवली, २००६ मध्ये मान्यता परत मिळाली.

यावरून 'पाश्चात्त्य चौकट लादली गेली' एवढंच लिहून थांबू नकोस. ती मान्यता मिळवण्यासाठी त्या लोकांनी स्वतः झगडा केला. लग्नाची नोंद हवी असलेल्या माणसाला चौकट परकी आहे की नाही याची फिकीर नसते. आणि त्या चौकटीत शिरण्यासाठी परंपरेला जे जे घडवावं लागलं, ते आज तिथल्या अनुयायांसाठी अस्सलच आहे.

ताओ मताचा तुझा भाग मला सगळ्यात कच्चा वाटला, कारण तो सगळा 'ताओ ते चिंग' या एका प्राचीन ग्रंथावर उभा आहे. तत्त्वज्ञानाचं ताओ मत खरं आणि मंदिरातलं भ्रष्ट, ही विभागणी एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी, त्यातही मिशनऱ्यांनी, रूढ केली. तू ती नकळत उचलली आहेस. इ.स. १४२ मध्ये चांग ताओलिंगला झालेल्या साक्षात्कारापासून आपली परंपरा सांगणारा पंथ, दीक्षा घेतलेले पुरोहित, १४४५ मध्ये छापलेला प्रचंड ग्रंथसंग्रह, बीजिंगचा श्वेतमेघ मठ, हे सगळं आहेच. संस्था, पुरोहित, ग्रंथ या कसोट्यांवर ताओ मत धर्म म्हणून चांगलंच उभं राहतं. ते अडतं सदस्यत्वापाशी. गावच्या मंदिराच्या उत्सवाला पुरोहित बोलावणारी माणसं स्वतःला ताओवादी म्हणवतीलच असं नाही. म्हणून 'किती टक्के ताओवादी' असं विचारणाऱ्या सर्वेक्षणाचे आकडे जपून वापर.

कन्फ्यूशियस मताचं याच्या उलट. त्याला वेगळा पुरोहितवर्ग नव्हता. मोठे यज्ञविधी सम्राट आणि त्याचे अधिकारी करत, पूर्वजांचे विधी घरातला कर्ता. १९१२ मध्ये राजेशाही संपली आणि विधींचा आधारच गेला. तू 'संवाद' या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातलं 'भुताखेतांना मान द्या, पण दूर ठेवा' हे वचन देऊन हे मत ऐहिक ठरवलं आहेस. मग त्याच 'संवादां'तलं दुसरं वचनही घे: एक माणूस जिवावर उठला असताना कन्फ्यूशियस म्हणतो की माझ्यातला सद्गुण आकाशाने दिलाय, तो माणूस माझं काय बिघडवणार? इ.स.पू. तिसऱ्या शतकातला याच परंपरेतला विचारवंत शुन्झी तर विधींबद्दल सांगतो की सज्जनाच्या लेखी ते माणसाचं आचरण आहे, सामान्यांच्या लेखी भुतांचं काम. म्हणजे हा वाद मिशनरी यायच्या आधीपासून घरातच होता, आणि एकाच विधीत दोन्ही बाजूंची माणसं उभी असत.

शुन्झीचा उतारा इंडोनेशियाच्या आधी घाल, नाहीतर परीक्षक म्हणतील की प्रश्न फक्त आधुनिक सरकारांचा आहे. मसुद्यातला जपानचा भाग या लांबीत मावणार नाही, तो काढ. पुढचा मसुदा ताओ मताच्या भागापासून लिहायला घे.