तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लापासून १ मोलर द्रावण

प्रश्न: सोलापुरात बीएस्सीला आहे. बाटलीवर ३५% HCl, घनता १.१८ लिहिलंय. ५०० मिली १ मोलर कसं करू? आम्लच पाण्यात का ओतायचं?

उत्तर: आधी बाटलीतल्या आम्लाची मोलॅरिटी काढ. एक लिटरचं वजन १,१८० ग्रॅम, त्यात ३५% म्हणजे ४१३ ग्रॅम HCl. भागिले ३६.५, उत्तर साधारण ११.३ मोलर. आता M₁V₁ = M₂V₂ वापरून ५०० × १ ÷ ११.३, म्हणजे सुमारे ४४ मिली.

फ्यूम हूडमध्ये, गॉगल आणि हातमोजे घालून, बीकरमध्ये ३०० मिली डिस्टिल्ड पाणी घे. त्यात ४४ मिली आम्ल हळूहळू ढवळत ओत. थंड झाल्यावरच व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घालून खुणेपर्यंत भर, कारण कोमट द्रावण निवल्यावर आकसतं. बोअरचं पाणी नको, त्यातली बायकार्बोनेटं थोडं आम्ल खातात.

पाणी जास्त असलं की मिसळताना निघणारी उष्णता त्यात पसरते. उलट केलंस तर थोडं पाणी आम्लावर पडून तिथेच तापतं, HCl वायू भसकन सुटतो आणि शिंतोडे उडतात. सल्फ्युरिकमध्ये हे कितीतरी भयंकर, पण इथे शिंतोडा तीव्र आम्लाचाच असतो.

एक मात्र बघ: सोलापूरच्या मे महिन्यात वारंवार उघडलेल्या बाटलीतून वायू उडून गेलेला असतो, त्यामुळे लेबलवरचे ३५% धरून चालू नकोस. ०.५३ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट पाण्यात विरघळवून मिथिल ऑरेंज टाकून टायट्रेट कर. बरोबर १० मिली लागले तर द्रावण १ मोलर, १०.४ लागले तर ०.९६.