पांढऱ्या केसांवर ऑबर्न बसवायचा तर लाल ट्यूब एकटी चालत नाही

प्रश्न: वय ५४, सत्तर-ऐंशी टक्के केस पांढरे. पार्लरमध्ये लाल शेड लावून घेतली तर पुढचे केस गुलाबी-केशरी झाले आणि मागचे जवळजवळ काळेच राहिले. मैत्रिणीने ॲश ब्राऊन लावला, तिचे पांढरे केस नीट झाकले गेले पण हिरवट दिसतात. असं का होतं? मला ऑबर्न हवाय, होईल का?

उत्तर:

होईल, आणि छान होईल. फक्त लाल शेडमध्ये निम्मा तरी नॅचरल शेड मिसळावा लागेल, आणि पुढच्या व मागच्या केसांसाठी दोन वेगळी मिश्रणं करावी लागतील. मी पुण्यात केसांना कलर करण्याचंच काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका तुमच्याच वयाच्या आहेत. त्यामुळे हा गुलाबी-केशरी प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

काळ्या केसाला अमोनियाचा कलर लावला की दोन गोष्टी एकदम होतात. डेव्हलपर, म्हणजे क्रीममध्ये मिसळायचं पेरॉक्साइड, केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य थोडं उडवतो, त्यामुळे आतला तांबूस-तपकिरी रंग वर येतो, आणि त्यावर ट्यूबमधला रंग बसतो. लाल आणि कॉपर शेड बनवताना हा आतला तांबूसपणा मिळणार हे धरूनच चाललेलं असतं. खालचा तपकिरी तुमच्या केसाचा, वरचा लाल ट्यूबचा, आणि दोन्ही मिळून जे दिसतं ते कार्डावरच्या शेडसारखं. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही. खाली काही नसल्यामुळे ट्यूबमधला लाल तेवढा एकटा उरतो. म्हणून पुढचे केस तसे झाले. मागचे केस काळे होते, आणि वीस व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्क्यांचा डेव्हलपर काळ्या केसाला जेमतेम एक-दोन शेड उजळतो, म्हणून तिथे फक्त उन्हात थोडी लाल झाक दिसत असेल.

आता गरम आणि थंड शेड वेगळे का वागतात ते. लाल रंग प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषतो आणि लाल-केशरी भाग सोडून देतो. पांढऱ्या केसावर तो लाल काचेसारखा बसतो. प्रकाश रंगातून आत जातो, केसाच्या पांढऱ्या गाभ्यावरून परततो आणि लाल होऊन पुन्हा बाहेर येतो. बराच प्रकाश परत आल्यामुळे केस उजळ आणि पारदर्शक दिसतो. रंग चढलेला असतो, पण खालचा पांढरेपणा लपलेला नसतो. पार्लरमध्ये बायका "रंग धरलाच नाही" म्हणतात, ते खरं तर हे असतं.

ॲशमध्ये निळे-हिरवे रंग जास्त असतात. ते उलट लाल-केशरी प्रकाश खातात. पांढरा केस म्हणजे अगदी कोरा पांढराही नसतो, त्यात किंचित पिवळसरपणा असतो आणि तो थोडा निळा प्रकाश खातो. दोन्हीकडून प्रकाश कमी झाला की केस गडद आणि सपाट दिसतो, आणि पांढरा पूर्ण झाकल्यासारखा वाटतो. पण निळा आणि पिवळा एकत्र आल्यावर हिरवट छटा यायचीच. ॲशचं मूळ काम केसातला तांबूसपणा मारायचं. पांढऱ्या केसात मारायला तांबूसपणा नाही, त्यामुळे ॲशचा स्वतःचाच रंग वर दिसतो. तुमच्या मैत्रिणीचं हेच झालं आहे. यातून निवडीचा एक नियम निघतो: पांढऱ्या केसांवर लाल-कॉपर शेड मनातल्यापेक्षा एक नंबर गडद घ्यावा आणि ॲश एक नंबर उजळ.

नॅचरल शेडने पांढरा का झाकला जातो? नॅचरल शेडच्या ट्यूबमध्ये एकच रंग नसतो. हिरवट-तपकिरी, निळा-जांभळा आणि लालसर असे वेगवेगळे रंग तयार करणारे घटक त्यात एकत्र असतात. ते मिळून प्रकाशाचा सगळाच पट्टा थोडाथोडा शोषतात आणि तपकिरी दिसतात. कुठल्याच रंगाचा प्रकाश मोकळा सुटत नाही, म्हणून खालचं पांढरं दिसत नाही. पांढऱ्या केसाजवळ जो तपकिरी उरलेला नाही तो या नॅचरलमधून द्यायचा आणि त्यावर लाल चढवायचा. आम्ही याला बेस म्हणतो. पूर्ण पांढऱ्या केसांना निम्मा बेस लागतो, निम्मे पांढरे असतील तर तिसरा हिस्सा पुरतो.

एक उदाहरण देते. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचे केस साधारण तुमच्यासारखेच आहेत. कानशिलं आणि भांग जवळजवळ पांढरे, मानेजवळ काळे जास्त. तिला गडद तांबूस-तपकिरी ऑबर्न हवा होता. पुढच्या भागासाठी मी २० ग्रॅम ५ नंबरचा नॅचरल, १५ ग्रॅम ५.४ आणि ५ ग्रॅम ५.६ घेतला. म्हणजे एकूण ४० ग्रॅम क्रीम आणि त्यात ६० मिली वीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर. इथे ५ हा शेड किती गडद ते सांगणारा नंबर, .४ म्हणजे कॉपर आणि .६ म्हणजे लाल. हे लॉरियलच्या पद्धतीचे आकडे आहेत. वेलाच्या पद्धतीत ४ म्हणजे लाल आणि ६ म्हणजे जांभळा, त्यामुळे नुसता आकडा पाठ करून दुसऱ्या कंपनीची ट्यूब घेऊ नका, शेडचं नाव वाचा. क्रीम आणि डेव्हलपरचं प्रमाणही कंपनीप्रमाणे बदलतं, ते पाकिटात दिलेलं असतं. मागच्या भागासाठी बेस कमी केला. १० ग्रॅम नॅचरल आणि बाकी कॉपर-लाल, कारण तिथे काळ्या केसांनी तपकिरी आधीच दिलेला होता. सगळीकडे एकच मिश्रण लावलं असतं तर पुढे बरोबर आणि मागे काळपट, किंवा मागे बरोबर आणि पुढे भडक, असं काहीतरी झालं असतं.

कॉपर जास्त आणि लाल कमी घेण्यालाही कारण आहे. नुसत्या लालमध्ये, त्यातही बरगंडीसारख्या जांभळट लालमध्ये, पांढरा केस गुलाबीकडे जातो. कॉपर त्याला तपकिरीकडे ओढतो. ऑबर्नमध्ये तपकिरी आधी दिसायला हवा, लाल त्याच्या मागून.

लावायला सुरुवात पांढरा सर्वात जास्त असेल तिथून करायची. म्हणजे कानशिलं आणि कपाळाकडची रेषा. हे केस अनेकदा चिवट असतात, वरचं आवरण घट्ट असल्यामुळे रंग आत जात नाही. कंगवा फिरवताना ते तारेसारखे कडक आणि काचेसारखे चकचकीत लागले तर आधी तेवढ्यांनाच नुसता वीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, टिपून घ्या आणि मग कलर लावा. क्रीम जाडसर लावा, पातळ थर सुकतो आणि सुकलेला कलर काम करत नाही. वेळ पूर्ण ३५ ते ४० मिनिटं द्या. वीस मिनिटांनी डोकं गडद दिसायला लागतं आणि घाबरून धुवायचा मोह होतो, पण तेव्हा केसाच्या आत रंग अजून तयार होत असतो. मध्येच धुतलं की तपकिरी अपुरा राहतो आणि पांढरे केस पुन्हा भडक दिसतात. झालंय का हे बघायचं असेल तर कानशिलाची एक बट ओल्या कापसाने पुसून खिडकीच्या उजेडात बघा. पांढरा केस काळ्या केसाच्या शेजारी तांबूस-तपकिरी दिसला तर झालं. पुसल्यावर आरपार केशरी दिसला तर अजून वेळ हवा, किंवा बेस कमी पडला आहे.

मेंदी लावत असाल तर हे वाचाच. मेंदीतला लॉसोन हा रंग केसातल्या केराटिनला चिकटतो आणि तो केशरी असतो, त्याला बेस नसतो. म्हणून काळ्या केसावर मेंदीची सुंदर लाल झाक येते आणि पांढऱ्यावर तीच केशरी दिसते. मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड, म्हणजे इंडिगो, लावली की तपकिरी होते, कारण तो निळा रंग मेंदीचा लाल दाबतो. तत्त्व तेच आहे. शुद्ध मेंदीवर कलर लावता येतो, पण बाजारातल्या काही पुड्यांमध्ये धातूचे क्षार असतात आणि डेव्हलपरशी त्यांचं अजिबात पटत नाही. कंगव्यातले गळलेले थोडे केस घ्या, काचेच्या वाटीत वीस व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये त्याच्या विसाव्या हिश्श्याइतका अमोनिया घालून त्यात अर्धा तास ठेवा. वाटी तापली, फेस आला किंवा केसांचा रंग भलताच बदलला, तर मेंदीचे केस वाढून कापले जाईपर्यंत कलर लावू नका. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुडीत बरेचदा पीपीडी हे ॲलर्जी करू शकणारं रंगाचं रसायन असतं, त्या पुडीने कधी खाज किंवा सूज आली असेल तर कुठल्याही कायम कलरआधी त्वचेच्या डॉक्टरांना भेटा. आणि तसं काही झालं नसलं तरी कानामागे थोडा कलर लावून ४८ तास बघणं सोडू नका.

ऑबर्न निवडताना त्याची देखभाल करायची तयारी ठेवा. काळ्या केसावरचा लाल उतरला तरी खाली तपकिरी असतो, पांढऱ्यावरचा उतरला की कॉपर आणि मग फिकट केशरी दिसायला लागतो. त्यामुळे दर महिन्या-दीड महिन्याला मुळांना अमोनियाचा कलर लावा आणि जुन्या लांबीवर फक्त अमोनियाविना, सौम्य डेव्हलपरचा त्याच शेडचा कलर दहा-पंधरा मिनिटं फिरवा. लांबीवर दर वेळी पूर्ण कलर लावत गेलात तर टोकं काळपट-लाल होतात आणि मुळं उजळ राहतात, मग ते सारखं करणं फार कठीण जातं. मात्र एक फायदा आहे. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, आणि काळ्या कलरवर भांगात जी पांढरी रेघ उठून दिसते ती ५-६ नंबरच्या ऑबर्नवर तितकी दिसत नाही.

आत्ताच्या गुलाबी केसांसाठी लाल पुन्हा लावू नका. फक्त पुढच्या केसांना ५ किंवा ६ नंबरचा नॅचरल, सौम्य डेव्हलपरमध्ये, वीस मिनिटं लावून घ्या. अधूनमधून पुसून बघा आणि तपकिरी दिसायला लागला की थांबा. मागचे काळे केस यातून वाचवा, त्यांना चुकून लागलं तर ते आणखी गडद होतील. तुमच्या मैत्रिणीला उलट हवं. तिच्या हिरव्यावर थोडा कॉपर, तोही तिच्याच नंबरचा किंवा एक नंबर उजळ आणि अमोनियाविना, पाच-दहा मिनिटं पुरेल. ओल्या केसावर लावला तर तो एकसारखा पसरतो आणि एकदम भडकत नाही.